लिमिट वाढवली, पेयी अॅड केला, तरी 12 लाख का जात नाहीयेत?

*ताई नमस्कार. नाशिकला रिसेल फ्लॅट घेतोय, येत्या सोमवारी दस्त आहे आणि त्याआधी विक्रेत्याला 12 लाख द्यायचेत. परवाच्या सोमवारी रात्री साडेनऊला त्यांचं खातं पेयी म्हणून अॅड केलं, सव्वादहाला पैसे टाकायला गेलो तर नाकारलं, फक्त 50 हजार गेले. मंगळवारी सकाळी साडेनऊला रोजची लिमिट 5 लाखांवरून 15 लाख केली, तरी नाही. मित्र म्हणाला पेयी डिलीट करून परत टाक, म्हणून दुपारी एकला तेही केलं. बुधवारी सकाळी दहाला परत फेल. दुपारी दोनला साडेअकरा लाखांचं आरटीजीएस एकदाचं घेतलं, पण तेव्हापासून 'अंडर प्रोसेस' दाखवतंय, खात्यातून रक्कम कमी झालीये आणि विक्रेत्याकडे काहीच नाही. मध्ये एका अनोळखी नंबरवरून बँकेच्या नावाने फोन आला, फ्रॉड असेल म्हणून कट केला. आता एजंट म्हणतोय माझ्या खात्यात टाका, मी पुढे देतो. पैसे माझे, खातं माझं, मग बँक अडवते कशाला? — नाशिकहून एक वाचक*

नमस्कार. पत्र मिळालं त्याच संध्याकाळी तुम्हाला दोनच ओळी पाठवल्या होत्या, की एजंटच्या खात्यात एक रुपयाही टाकू नका आणि सकाळी आपल्या ब्रांचमध्ये जा. आता नीट सांगते. मी 26 वर्षं बँकेच्या काउंटरवर काढलीत, आणि हे असं अडकलेलं माणूस दर आठवड्याला एक तरी समोर यायचं, बहुतेकदा फ्लॅटवाला नाहीतर लग्नाच्या हॉलवाला.

तुम्हाला वाटतंय एकच अडथळा आहे आणि तो हटत नाहीये. तसं नाहीये. तुमच्यासमोर तीन वेगवेगळी दारं होती, प्रत्येकाचं कुलूप वेगळं, आणि तुम्ही एकाची किल्ली दुसऱ्याला लावत राहिलात. पहिलं दार नवीन पेयीचं, दुसरं रोजच्या लिमिटचं, तिसरं बँकेच्या संशयाचं. पहिल्या दोन दारांवर पैसे निघतच नाहीत, अॅप सरळ नकार देतं आणि बॅलन्स जसाच्या तसा राहतो. तिसऱ्या दारावर अॅप हो म्हणतं, बॅलन्स कमी दिसतो, पण रक्कम पुढे जात नाही. हा फरक लक्षात ठेवा, कारण आपण नेमके कुठे अडकलोय हे त्यावरूनच कळतं.

आता तुमचा सोमवार घेऊ. साडेनऊला पेयी टाकला, तुमच्या बँकेत तो अर्ध्या तासाने अॅक्टिव्ह होतो, म्हणजे दहाला झाला. तिथून पुढचे 24 तास त्या पेयीला एकूण 50 हजारच जातात, एकदम पाठवा नाहीतर तुकड्यांत. याला कूलिंग पीरियड म्हणतात. सगळ्या बँकांचा आकडा सारखा नसतो, कुठे रक्कम वेगळी, कुठे तास वेगळे, काही ठिकाणी तर हे बंधन काही दिवस चालतं, त्यामुळे मित्राच्या बँकेत काय चालतं ते आपल्या बँकेला लावायचं नाही. पेयी अॅड केल्या केल्या जो एसएमएस येतो त्यात बहुतेकदा हे लिहिलेलं असतं, पण आपण तो ओटीपीच्या गडबडीत वाचतच नाही.

तर सव्वादहाला 12 लाख नाकारले गेले ते या पहिल्या दारावर. तुमच्या रोजच्या लिमिटशी त्याचा संबंध नव्हता (तसंही लिमिट 5 लाख होती म्हणून ते दुसऱ्या दारावरही अडलं असतं, पण अॅप एका वेळी एकच कारण दाखवतं, आणि माणसाला वाटतं तेवढं एक सुटलं की काम झालं).

मंगळवारी सकाळी लिमिट वाढवलीत ते बरोबरच केलंत, फक्त वाढवलेली लिमिट बऱ्याच बँकांत लगेच लागू होत नाही, तिलाही थांबावं लागतं. तुमच्या बँकेत 24 तास, म्हणजे बुधवारी सकाळी साडेनऊला ती 15 लाख झाली. लिमिट कमी करायची असेल तर ती मात्र त्याच क्षणी होते. कारण सरळ आहे, ज्याच्या हाती तुमचा फोन आणि पासवर्ड लागलाय तो चोर पेयीही टाकेल आणि लिमिटही वाढवेल, म्हणून दोन्हीकडे वेळ लावलाय. कमी करणाऱ्या माणसापासून कुणाला धोका नाही.

आणि मग दुपारी एकला पेयी डिलीट केलात. इथे गाडी घसरली. बँकेच्या सिस्टिमला तुमचा जुना पेयी आठवत नाही हो, डिलीट करून परत टाकला की तो पुन्हा आजच जन्मलेला, त्याचं घड्याळ शून्यापासून सुरू. दीडला अॅक्टिव्ह झाला, म्हणजे मोकळा होणार बुधवारी दुपारी दीडला. जुना तसाच ठेवला असता तर मंगळवारी रात्री दहालाच पहिलं दार उघडलं होतं. बुधवारी सकाळी दहाला तुम्ही प्रयत्न केलात तेव्हा लिमिट 15 लाख होऊन अर्धा तास झाला होता, दुसरं दार सताड उघडं, फक्त पहिलं तुम्ही स्वतःच्या हाताने परत लावून घेतलं होतं. हा डिलीट करून परत टाकायचा सल्ला मी कितीतरी लोकांच्या तोंडून ऐकलाय आणि तो दर वेळी एक दिवस खातो. पेयी अडला की त्याला हात लावू नका, घड्याळ बघा आणि थांबा.

या दोन घड्याळांत अजून एक फरक आहे जो लोकांना कुणी सांगत नाही. पेयीचं कूलिंग तासांनी मोजतात, अॅक्टिव्ह झाल्यापासून 24 तास म्हणजे 24 तास, तारीख बदलली म्हणून काही होत नाही. रोजची लिमिट मात्र बहुतेक बँकांत तारखेने चालते, रात्री बाराला नवा दिवस आणि नवी लिमिट. म्हणजे समजा तुम्ही काहीच बदललं नसतं, ना लिमिट वाढवली ना पेयी काढला, तर मंगळवारी रात्री दहानंतर 5 लाख गेले असते, मध्यरात्री बारानंतर बुधवारचे 5 लाख आणि उरलेला दीड लाख गुरुवारी. लिमिट वाढवली पण पेयी तसाच ठेवला असता तर बुधवारी सकाळी साडेनऊनंतर साडेअकराच्या साडेअकरा लाख एका झटक्यात. हे मी तुम्हाला वाईट वाटावं म्हणून सांगत नाहीये, पुढच्या वेळी कागदावर असा हिशोब मांडता यावा म्हणून सांगतेय.

लिमिटबद्दल अजून एक. ती एका पेयीची नसते आणि बहुतेकदा एका खात्याचीही नसते, तुमच्या कस्टमर आयडीची असते. त्या दिवशी तुम्ही नेटबँकिंगने दुसऱ्यांना जे काही पाठवाल, आयएमपीएस, एनईएफटी, आरटीजीएस, सगळं त्यात मोजतात. सकाळी सोसायटीला 40 हजार भरले असतील तर संध्याकाळी तेवढे कमी. म्हणून 12 लाखांचे चार तुकडे करून काही साधत नाही, बेरीज तीच होते. आणि त्याशिवाय प्रत्येक रस्त्याची आपली वेगळी मर्यादा आहेच. यूपीआयने माणसाकडून माणसाला दिवसाला 1 लाख, म्हणजे तो तुमच्या कामाचा नाही. आयएमपीएसला एका वेळी 5 लाख, रिझर्व्ह बँकेने 2021 मध्ये 2 लाखांवरून वाढवली, पण तुमची बँक त्याहून कमी ठेवू शकते. आरटीजीएस 2 लाखांपासून पुढे, वर रिझर्व्ह बँकेची मर्यादा नाही, तशीच एनईएफटीलाही नाही. तिथे जी मर्यादा दिसते ती बँकेच्या अॅपने लावलेली असते. एनईएफटी डिसेंबर 2019 पासून आणि आरटीजीएस डिसेंबर 2020 पासून दिवसरात्र चालतं, म्हणून 'आज सुट्टी आहे म्हणून गेले नाहीत' हे कारण अॅपवरच्या व्यवहाराला आता लागू नाही.

आता तिसरं दार, जिथे तुमचे साडेअकरा लाख अडकले. बँकेची एक सिस्टिम प्रत्येक व्यवहाराकडे बघत असते आणि तुमच्या नेहमीच्या वागण्याशी ताडून बघते. तुमचं खातं तिच्या नजरेने बघा जरा. आजवर महिन्याला 20-30 हजारांच्या वर कधी कुणाला काही गेलं नाही. अचानक रात्री नवा पेयी, लगेच 12 लाखांचा प्रयत्न फेल, मग बरोबर 50 हजार म्हणजे परवानगीची अगदी काठोकाठ रक्कम, दुसऱ्या सकाळी लिमिट तिप्पट, दुपारी पेयी काढून परत टाकला, परत फेल, आणि बंधन संपून अर्धा तास होतोय न होतोय तोच खातं जवळजवळ रिकामं करणारा आरटीजीएस. चोर अगदी असंच वागतो. तुम्ही प्रामाणिक आहात हे मला पत्रावरून कळतं, मशीनला ते कसं कळणार? म्हणून तिने व्यवहार घेऊन बाजूला ठेवला आणि कुणीतरी तुम्हाला फोन लावला, तुम्हीच हे करताय ना हे विचारायला. तो तुम्ही कट केलात.

फोन कट केलात त्याबद्दल मी तुम्हाला अजिबात दोष देणार नाही. अनोळखी नंबरवर बँकेविषयी बोलू नये हेच आम्ही आयुष्यभर सांगत आलो. फक्त त्यानंतर कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरवर स्वतःहून फोन करायचा राहिला. बँकांनी व्यवहाराबद्दलचे फोन 1600 ने सुरू होणाऱ्या नंबरांवरूनच करावेत असं रिझर्व्ह बँकेने 2025 च्या सुरुवातीला सांगितलंय, त्यामुळे नंबर बघून थोडा अंदाज येतो, तरी मी म्हणेन आपण स्वतः लावलेला फोन सगळ्यात चांगला. खरी बँक विचारते ती रक्कम, पेयीचं नाव, पैसे कशासाठी, फार तर जन्मतारखेसारखी ओळख पटवायची एखादी गोष्ट. ओटीपी, पिन, पासवर्ड विचारला किंवा स्क्रीन दाखवायचं कुठलं अॅप टाकायला सांगितलं की समजायचं बँक नाही.

पैसे नक्की कुठे आहेत हे ओळखायची खूण म्हणजे यूटीआर नंबर. आरटीजीएसचा यूटीआर 22 अक्षरांचा असतो, सुरुवातीला बँकेचे कोड, मध्ये तारीख. तुमच्या अॅपवर दिसतोय तो छोटा रेफरन्स नंबर बँकेचा आतला आहे, यूटीआर नाही. ब्रांचमध्ये विचारायचं की या व्यवहाराचा यूटीआर पडलाय का आणि तो सेटल झालाय का. पडला नसेल तर रक्कम तुमच्याच बँकेत आहे, नुसती बाजूला धरून ठेवलीये, ती एकतर तुमच्या होकारानंतर पुढे जाते नाहीतर रद्द होऊन खात्यात परत येते. सेटल झाला असेल तर चेंडू विक्रेत्याच्या बँकेकडे, त्यांनी संदेश मिळाल्यापासून अर्ध्या तासात जमा करायला हवं, आणि काही कारणाने जमा करता येत नसेल तर परत पाठवायला हवं. पण तुमचा फोन आणि वेळ बघता मला जवळजवळ खात्री आहे की तुमचं पहिलं आहे.

म्हणून ब्रांचमध्ये जाताना आधार, पॅन, पासबुक आणि विसार पावती किंवा खरेदीखताचा ड्राफ्ट, ज्यात विक्रेत्याचं नाव आणि रक्कम आहे, एवढं न्या. अधिकाऱ्याला सांगा व्यवहार माझाच आहे, फ्लॅटसाठी आहे, हा कागद. तिथून कन्फर्म झालं की बहुतेकदा त्याच दिवशी सुटतं. समजा रद्द झाला आणि रक्कम परत आली तर घाबरू नका आणि अॅपवरून परत झटापट करू नका. तिथेच काउंटरवर आरटीजीएसचा फॉर्म भरा आणि साडेअकरा लाखांचा चेक सोबत द्या. ब्रांचमधून पाठवताना नेटबँकिंगची लिमिट लागत नाही, नवीन पेयीचं कूलिंगही लागत नाही, कारण तुम्ही समोर उभे आहात, सही ताडून बघितलीये. चार्ज 5 लाखांच्या वर जास्तीत जास्त 49 रुपये 50 पैसे आणि वर जीएसटी. फक्त दुपारी लवकर जा, ब्रांचने ठरवलेल्या वेळेनंतर फॉर्म घेत नाहीत, आणि मधला शनिवार दुसरा किंवा चौथा असेल तर बँक बंद. सोमवारचा दस्त आहे म्हणजे तुमच्या हातात गुरुवार आणि शुक्रवार असे दोन पक्के दिवस आहेत, पुरेसे आहेत.

आता तुमचा खरा प्रश्न, पैसे माझे मग अडवता कशाला. आमच्या ब्रांचला एक निवृत्त शिक्षक यायचे. एका संध्याकाळी त्यांना फोन आला की सिम बंद होणार, केवायसी करा, त्यांनी सांगितलं ते अॅप टाकलं आणि समोरच्याला त्यांची अख्खी स्क्रीन दिसायला लागली. रात्री अकराच्या सुमारास त्यांच्या खात्यात नवा पेयी आला, अर्ध्या तासाने 50 हजार गेले. सर झोपले होते. सकाळी सहाला एसएमएस बघितला आणि बँक उघडायच्या आधी दारात येऊन उभे राहिले, हात थरथरत होते. त्यांच्या ग्रॅच्युइटीचे 8 लाखांहून जास्त त्याच खात्यात होते, आणि ते सगळे वाचले, फक्त आणि फक्त त्या 24 तासांमुळे. गेलेले 50 हजार मात्र आले नाहीत. कारण आरटीजीएस काय किंवा आयएमपीएस काय, एकदा समोरच्या खात्यात पोचलं की आपली बँक ते ओढून आणू शकत नाही, खातेदाराची संमती लागते नाहीतर पोलिसांमार्फत गोठवावं लागतं, आणि चोराचं खातं काही मिनिटांत रिकामं होऊन पैसे पुढे पाचसहा खात्यांत पांगलेले असतात. चेक होता तेव्हा तो वटायला वेळ लागायचा, तेवढ्यात थांबवता यायचा. पैसे क्षणात पोचायला लागले तसा तो मधला वेळ गेला, आणि बँकांनी तो या कूलिंगच्या रूपाने परत आणून ठेवलाय, निदान अनोळखी खात्यापुरता. म्हणून नवीन पेयी अॅड झाल्याचा एसएमएस आला आणि तुम्ही तो टाकला नसेल तर त्याच मिनिटाला बँकेला आणि 1930 या सायबर फ्रॉडच्या हेल्पलाइनला फोन, सकाळची वाट बघायची नाही.

एजंटचं आता. तो माणूस चांगला असेलही, पण बघा, त्याचं खातंही तुमच्यासाठी नवीनच पेयी आहे, म्हणजे परत अर्धा तास, परत 24 तास, वेळ वाचतच नाही! आणि शिवाय खरेदीखतात लिहिणार की विक्रेत्याला 12 लाख मिळाले आणि तुमच्या खात्यावर दिसणार एजंटचं नाव. तुमचं होमलोन असेल तर बँक तुमच्या हिश्श्याचा पुरावा मागते, तुमच्या खात्यातून विक्रेत्याच्या खात्यात गेल्याचा, तिथे हे अडेल. 'मग थोडी कॅश द्या' असं कुणी म्हणालं तर तेही नको, जमिनी-घराच्या व्यवहारात 20 हजार किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला इन्कम टॅक्सच्या कायद्यात बंदी आहे. आणि शेवटच्या क्षणी विक्रेत्याच्या नावाने व्हॉट्सअॅपवर दुसरा खाते नंबर आला, की जुनं खातं बंद आहे यावर टाका, तर त्यांना प्रत्यक्ष फोन करून, आवाज ओळखून विचारल्याशिवाय काही करू नका.

खातं तपासायची एक सोय आता आहे. आधी आरटीजीएस-एनईएफटीमध्ये पैसे फक्त खाते नंबरवर जमा व्हायचे, तुम्ही नाव काहीही लिहा ते कुणी ताडत नव्हतं, एक आकडा चुकला की पैसे तिसऱ्याच माणसाकडे. रिझर्व्ह बँकेच्या सांगण्यावरून एप्रिल 2025 पासून बँकांनी नंबर आणि आयएफएससी टाकल्यावर खातेदाराचं नाव दाखवायची सोय द्यायची आहे, ब्रांचमध्येही ती विचारता येते. ते नाव आणि इंडेक्स टूवरचं, म्हणजे फ्लॅटच्या नोंदणीच्या उताऱ्यावरचं मालकाचं नाव जुळतंय का बघा. तुमचे 50 हजार गेलेत त्यांचाही उपयोग करून घ्या, विक्रेत्याला त्यांच्या पासबुकातली ती एंट्री दाखवायला सांगा, नुसतं 'मिळाले' यावर थांबू नका.

पुढचा हप्ता किंवा दुसरं काही मोठं देणं असेल तर कामाच्या चार दिवस आधी पेयी टाका, त्याच बैठकीत लिमिट वाढवा म्हणजे दोन्ही घड्याळं एकदमच सुरू होतात, दुसऱ्या दिवशी हजार रुपये पाठवून खात्री करा आणि मग मोठी रक्कम एकदाच, कामाच्या दिवशी सकाळी, म्हणजे बँकेचा फोन आलाच तर ब्रांच उघडी असते. फोन हाताशी ठेवा आणि झालं की लिमिट परत 5 लाखांवर आणा, ती लगेच होते. पत्नीचं नाव खरेदीत असेल आणि त्यांचा कस्टमर आयडी वेगळा असेल तर त्यांची लिमिट वेगळी मोजतात, त्यांच्याकडूनही काही भाग पाठवता येतो, फक्त त्यांच्या लॉगिनमध्येही पेयी आधीच टाकून ठेवावा लागतो.

आणि सोमवारी दस्ताला जायच्या आधी वकिलांना दोन्ही व्यवहार द्या, 50 हजारांचा आणि साडेअकरा लाखांचा, तारीख आणि यूटीआर किंवा रेफरन्स नंबरासकट, म्हणजे ते खरेदीखतात मोबदल्याच्या परिच्छेदात टाइप करतील. एका ठोक 12 लाखांचा आकडा लिहून देऊ नका, तुमच्या स्टेटमेंटवर तसा व्यवहार कुठेच दिसणार नाहीये.